पाण्यात सोडलेला हलका चेंडू एवढा ‘जड’ का वागतो? (आकडेमोड चुकतेय की पाणी?)

प्रश्नचिन्ह

मंडळी, गेले दोन दिवस एका फालतू दिसणाऱ्या गणिताने डोकं खाल्लंय, म्हणून धागा काढतोय. टेबल टेनिसचा चेंडू घेतला. व्यास ४० मिमी, वजन २.७ ग्रॅम. पाण्याखाली धरला आणि सोडला. सोडल्याच्या क्षणी त्याचं त्वरण किती, एवढाच प्रश्न.

चेंडूचं आकारमान येतं ३३.५ घनसेंमी, म्हणजे तो ३३.५ ग्रॅम पाणी बाजूला सारतो. त्यातून त्याचं स्वतःचं २.७ ग्रॅम वजा केलं की उरलेल्या ३०.८ ग्रॅम वजनाएवढं बल त्याला वर ढकलतं, म्हणजे साधारण ०.३०२ न्यूटन. आता बल भागिले वस्तुमान. ०.३०२ ला ०.००२७ ने भागलं की उत्तर ११२ मीटर प्रति सेकंद वर्ग! गुरुत्वाच्या साडेअकरा पट!! चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा जायला पाहिजे.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये (सेकंदाला २४० फ्रेम) शूट केलं. गणिताप्रमाणे पहिल्या ५ फ्रेममध्ये २४ मिमी जायला हवा होता. प्रत्यक्षात जेमतेम ३ मिमी हलला. ३! म्हणजे थोडाफार फरक नाही, आठपटीचा घोळ आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बुडीत_खातं

चेंडूला विचारलं का, बाबा तुला वर यायचंय का? कदाचित खालीच बरं वाटत असेल.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या)

स्निग्धा_म

यात एवढं काय? पाण्याचा रोध. ड्रॅग. हवेत हात फिरवा आणि पाण्यात फिरवा, फरक कळतोच की. तुम्ही तुमच्या गणितात ड्रॅग धरलाच नाही, मग उत्तर चुकणारच.

सायकलस्वार

माझ्या मते तुमची सुरुवातच चुकली आहे. पाण्यात वस्तू हलकी होते, जड नाही. शाळेत शिकलोय आपण. विहिरीतली बादली पाण्याबाहेर आली की जड लागते, आत असताना हलकी. शीर्षक बदला.

प्रश्नचिन्ह

@सायकलस्वार, दादा, तसं ‘जड’ नाही हो म्हणायचंय. वजनाचा प्रश्न नाहीये. ढकलल्यावर हलायला कुरकुर करतो त्या अर्थाने जड.

@स्निग्धा, ड्रॅग माझ्याही डोक्यात आला होता पण मला ते पटत नाहीये, कारण ड्रॅग वेगावर अवलंबून असतो ना, आणि सोडल्याच्या क्षणी वेग शून्य, मग ड्रॅगही शून्य, मग सुरुवातीला तरी ११२ यायलाच हवं. नंतर कमी होईल ते वेगळं.

स्निग्धा_म

शून्य वेग एका क्षणापुरता. ११२ च्या त्वरणाने वेग इतका पटकन वाढेल की ड्रॅग लगेच पकडेल. तुमच्या पाच फ्रेम म्हणजे २० मिलिसेकंद झाले, त्यात सगळं आटोपलं असणार. आकडे घालून बघा.

प्रश्नचिन्ह

बघितलं. गोलासाठी ड्रॅगचा गुणांक ०.५ धरला तर चेंडूचा अंतिम वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास येतो. ११२ ने सुरुवात करून ड्रॅगसकट गणित केलं तर ५ फ्रेममध्ये साडेचौदा मिमी. म्हणजे २४ चे १४ झाले, हे खरंय. पण व्हिडिओत ३ आहेत. ड्रॅगने अर्धाच रस्ता कापला.

स्निग्धा_म

हम्म. मग गुणांक जास्त असेल. (हे मीच म्हणतेय पण मलाही आता खात्री नाही)

कप्पीवाला

अहो, तुम्ही सगळे चेंडूकडे बघताय, पाण्याकडे कोणी बघत नाहीये. भांडं भरलेलंय. चेंडू १ सेंमी वर गेला तर तिथलं पाणी कुठे जाणार? चेंडूने खाली सोडलेल्या जागेत. म्हणजे चेंडू वर जातो तेव्हा चेंडूएवढंच पाणी खाली येतं. ही सरळ सरळ कप्पी आहे! दोरीच्या एका बाजूला २.७ ग्रॅम, दुसऱ्या बाजूला ३३.५ ग्रॅम. ओढणारं बल फरकाएवढं पण हलवायचं वस्तुमान दोन्हींची बेरीज, ३६.२ ग्रॅम. ०.३०२ भागिले ०.०३६२ म्हणजे ८.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. झालं उत्तर. आठपट नाही, तेरापट घोळ होता तुमचा.

प्रश्नचिन्ह

अरे वा!! हे डोक्यातच आलं नव्हतं. पण थांबा… ८.३ ने ५ फ्रेममध्ये १.८ मिमी येतात. माझे तर ३ दिसतायत. आता उलट्या बाजूला चुकलो का?

बुडीत_खातं

आधी चेंडू हळू जातो म्हणून तक्रार, आता जास्त जोरात जातो म्हणून तक्रार. काही लोकांचं समाधान देव करू शकत नाही.

जलरेषा

उशिरा आले धाग्यावर, पण हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. (जहाजांच्या हालचालींची गणितं करण्यात हयात गेली.)

कप्पीवाल्यांनी मर्म पकडलंय, फक्त एक गोष्ट जरा ताणली. चेंडू हलायचा तर पाणीही हलवावं लागतं, आणि ते पाणी हलवायचा खर्च चेंडूच्याच खात्यावर पडतो, इथपर्यंत शंभर टक्के बरोबर. पण कप्पीत दोन्ही बाजूंचा वेग सारखाच असतो, दोरीच असते ना. पाण्यात अशी दोरी नाही. चेंडूएवढं पाणी अख्खं उचलून चेंडूच्याच वेगाने खाली येत नाही. आजूबाजूचं बरंच पाणी थोडं थोडं सरकतं आणि भागतं.

कसं सरकतं ते डोळ्यांसमोर आणा. चेंडूच्या डोक्यावरचं पाणी चेंडूच्याच वेगाने वर ढकललं जातं, त्याला दुसरा पर्याय नाही. तिथून ते बाजूला वळतं. चेंडूच्या कमरेपाशी पाणी उलटं, खालच्या दिशेने जातं, पण चेंडूच्या निम्म्याच वेगाने. आणि बुडाखाली परत चेंडूमागे वर ओढलं जातं. जसजसं लांब जाल तसा हा वेग झपाट्याने पडतो, अंतराच्या घनाच्या प्रमाणात. केंद्रापासून दोन त्रिज्या लांब गेलात की आठवा हिस्सा उरतो.

आता या सगळ्या पाण्याची गतिज ऊर्जा जमा करा. बेरीज येते ती चेंडूने सारलेल्या पाण्याच्या बरोब्बर निम्मं पाणी चेंडूच्या वेगाने जात असतं तर जेवढी आली असती तेवढी. हा ‘निम्मा’ गोलासाठीच, आणि पाणी चारी बाजूंना मोकळं असेल तर. यालाच आमच्यात ॲडेड मास म्हणतात.

तर तुमच्या चेंडूसाठी ३३.५ चे निम्मे, १६.८ ग्रॅम. त्यात चेंडूचे २.७. हलवायचं एकूण १९.५ ग्रॅम. बल तेच, ०.३०२ न्यूटन. त्वरण १५.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या १.६ पटीच्या आत. पाच फ्रेममध्ये ३.४ मिमी.

प्रश्नचिन्ह

३.४!!! ताई, साष्टांग दंडवत.

कप्पीवाला

निम्म्याने हुकलो. पण दोरी नाही हे मान्य. मी मनात पाण्याचा एक चेंडू वर आणि आपला चेंडू खाली असा अदलाबदलीचा खेळ केला होता, त्यात पाण्याचा चेंडू अख्खाच्या अख्खा येतो.

स्निग्धा_म

पण मग ड्रॅग कुठे गेला? आधी तर तो २४ चे १४ करत होता.

जलरेषा

गेला नाही, त्याला अजून वेळच मिळालेला नाही. तुमच्या गणितात त्वरण ११२ होतं म्हणून वेग चटकन वाढत होता आणि ड्रॅग जागा होत होता. खरं त्वरण १५.५ असल्यावर २० मिलिसेकंदांनी वेग सेकंदाला ३० सेंमीच्या आसपासच पोचतो. अंतिम वेगाच्या साधारण तिसरा हिस्सा, आणि ड्रॅग वेगाच्या वर्गाने जातो म्हणजे नववा-दहावा हिस्सा, तोही शेवटी शेवटी. पाच फ्रेममधलं अंतर त्याने ३.४ चं ३.३ होतं, बस्स. चेंडू तीन-चार सेंमी वर गेला की मग ड्रॅगचा अंमल सुरू होतो.

दोघांत फरक ओळखायची सोपी खूण आहे. ड्रॅगला वेग लागतो, ॲडेड मासला त्वरण लागतं. एकसारख्या वेगाने चेंडू ओढत राहिलात तर ॲडेड मास काही मागत नाही, कारण सभोवतालच्या पाण्याची ऊर्जा तेवढीच राहते. वेग बदलायला गेलात की पाणी बिल पाठवतं.

सायकलस्वार

म्हणजे चेंडूला अर्ध्या चेंडूएवढं पाणी चिकटून त्याच्याबरोबर वर जातं असंच ना? मग सरळ तसं सांगा की. आणि चिकटतं म्हणजे त्याचं वजनही चेंडूवर आलं. मग वर ढकलणारं बल कमी झालं पाहिजे, ते का नाही केलं? मी आधीपासून सांगतोय वजनात गडबड आहे.

जलरेषा

दादा, इथेच भले भले घसरतात, त्यामुळे तुमचा प्रश्न मोलाचा आहे. चिकटून काहीही जात नाही. १६.८ ग्रॅम हे पाण्याचं कुठलंही ठरावीक डबकं नाही, तो हिशोबाचा आकडा आहे. चेंडूच्या कमरेजवळचं पाणी तर उलटं खाली चाललंय, ते चिकटलंय कसं म्हणणार? आणि गुरुत्वाचा सगळा हिशोब वर ढकलणाऱ्या बलात आधीच झालाय, ३३.५ वजा २.७. म्हणून १६.८ ग्रॅम फक्त ‘हलवायचं किती’ या बाजूला मिळवायचे, ‘ओढ किती’ या बाजूला नाही.

तुम्ही म्हणता तसं वजनातही धरलं तर बल ३०.८ मधून १६.८ गेले, १४ ग्रॅमचं उरेल, आणि त्वरण ७ येईल. व्हिडिओशी जुळत नाही.

तळटीप

वाचनमात्र होतो पण राहवलं नाही. एक गंमत बघा. मूळ पोस्टच्या पद्धतीने वजनच नसलेला चेंडू घेतला, म्हणजे जवळपास हवेचा बुडबुडा, तर बल भागिले शून्य, त्वरण अनंत! तिथेच शंका यायला हवी होती. जलरेषाताईंच्या पद्धतीने वजनशून्य गोल गुरुत्वाच्या बरोब्बर दुप्पट त्वरणाने निघतो. बल अख्ख्या पाण्याचं आणि हलवायचं निम्मं. म्हणजे पाण्यात कितीही हलका गोल सोडा, दुपटीच्या वर सुरुवात होऊच शकत नाही.

आणि उलट बाजूला पोलादी गोळी घ्या, घनता ७.८५. ॲडेड मास न धरता बुडण्याचं त्वरण गुरुत्वाच्या ०.८७ पट, धरून ०.८२. फरक इतका किरकोळ की कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून शाळेत हे शिकवत नसावेत, तिथे नेहमी दगडच बुडतात.

बुडीत_खातं

शाळेत आम्हीही बुडायचो. आमचं त्वरण कोणी मोजलं नाही.

रोबोवाली_मेघ

हा धागा दोन वर्षांपूर्वी यायला हवा होता!! आम्ही पाण्याखाली फिरणारा एक छोटा रोबो बनवला होता, कॅमेरा लावलेला. टेबलावर वजन केलं, तेवढंच वस्तुमान प्रोग्राममध्ये घातलं, सगळं ट्यून केलं. पाण्यात सोडला तर थांब म्हटल्यावर थांबेचना, ठरलेल्या जागेच्या पुढे जायचा, मग मागे यायचा, परत पुढे, डुलत बसायचा. आम्ही मोटारींना शिव्या घातल्या, सेन्सर बदलला, आठवडा घालवला. शेवटी एकाने वस्तुमानाचा आकडा नुसता अंदाजाने वाढवून बघितला आणि गडी शहाणा झाला. कारण आज कळतंय. आमचा आकार डब्यासारखा होता, तर त्यालाही निम्मंच धरायचं का?

जलरेषा

नाही नाही, निम्मं फक्त गोलाला. डब्याला प्रत्येक दिशेला वेगळा आकडा. टोकदार बाजूने जाताना कमी, रुंद बाजूने जाताना भरपूर. पातळ पत्रा पाण्यात आडवा धरून झटका द्या, पत्र्याचं स्वतःचं आकारमान नगण्य पण हाताला बोजा केवढा लागतो! तोच पत्रा धारेच्या बाजूने सुरीसारखा हलवा, काही नाही. तुमचा रोबो पुढे जाताना वेगळा जड आणि वर-खाली जाताना वेगळा जड असणार. अंदाजाने आकडा वाढवलात तो बहुधा एकाच दिशेला बरोबर बसला असेल.

रोबोवाली_मेघ

हो!! वर-खाली अजूनही डुलतो तो 😭

तळटीप

अवांतर: ही भानगड लंबकवाल्यांना फार आधी जाणवली होती. द्यु ब्वा या फ्रेंच अभियंत्याने १७८६ मध्ये पाण्यात लंबक हलवून दाखवलं होतं की नुसतं प्लावक बल वजा करून आवर्तकाल जुळत नाही. पुढे १८२८ मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने अचूक लंबकासाठी हवेचंही जडत्व हिशोबात घेतलं. हवेत आपल्या या चेंडूला ॲडेड मास किती? २० मिलिग्रॅमच्या आसपास. चेंडूच्या एक टक्क्याच्याही आत. पण लंबकाने गुरुत्व मोजणाऱ्यांना तेवढंही टोचत होतं.

प्रश्नचिन्ह

आता मला हे नीट मोजायचंय. पहिल्या वेळी हाताने धरून सोडला होता आणि ‘३ मिमी’ नजरेने म्हटलं होतं. हाताने सोडताना बोटं बाजूला घेतली की पाणीही ढवळलं जातं, त्यामुळे ते किती खरं देव जाणे. कसं करू?

जलरेषा

बोटांचं म्हणणं खरंय. चेंडूला खालून बारीक दोरा चिकटवा, दोरा तळाशी जड वस्तूला बांधा, पाणी पूर्ण शांत होऊ द्या, आणि दोरा चेंडूच्या शक्य तितका जवळ कापा. कात्री आधीपासून पाण्यात तयार ठेवा, ऐनवेळी खुपसू नका.

चेंडू तळाला टेकवून सोडायचा मोह होईल, तो टाळा. तळ जवळ असला की पाण्याला वळायला जागा कमी, ॲडेड मास वाढतं. केंद्र तळापासून दोन त्रिज्या वर असलं तर वाढ ५ टक्क्यांच्या आत राहते, पण टेकलेला असेल तर हा साधा हिशोब विसरा. वर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ उलटं होतं, तिथे कमी होतं. भांडं रुंदही हवं. हललेल्या पाण्याच्या ऊर्जेचे आठातले सात हिस्से चेंडूभोवतीच्या एका त्रिज्येच्या थरात असतात, तो थर भिंतीला लागता कामा नये.

पट्टी भांड्याबाहेर चिकटवू नका, चेंडूच्याच अंतरावर पाण्यात उभी करा, नाहीतर मापं वाकडी येतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘सुटला तो क्षण’ कोणता हे फ्रेम बघून ठरवू नका. चेंडू दोन फ्रेमच्या मध्ये कुठेतरी सुटतो, आणि पाच फ्रेमच्या खेळात अर्धी फ्रेम हुकली तर उत्तर वीस टक्के इकडेतिकडे. त्यापेक्षा प्रत्येक फ्रेममधल्या अंतराचं वर्गमूळ काढा. त्वरण स्थिर असेल तर वर्गमूळ प्रत्येक फ्रेमला सारखंच वाढतं, सुरुवात कधीची का असेना. उतार मिळाला की त्वरण मिळालं. १५.५ साठी मिलिमीटरच्या वर्गमुळात दर फ्रेमला ०.३७ ची वाढ यायला हवी, आणि तुमच्या ११२ साठी ०.९९.

स्निग्धा_म

हे वर्गमुळाचं आवडलं. आणि ड्रॅग लागू झाला की रेष वरच्या टोकाला वाकेल, म्हणजे माझा ड्रॅगही दिसेल.

कप्पीवाला

माझ्या कप्पीला किती यायला हवं होतं? ०.२७. बघू, कोण जवळ येतं. मी अजून हार मानलेली नाही, नुसता दोरा सैल सोडलाय.

प्रश्नचिन्ह

(दुसऱ्या दिवशी)

केलं!! तीन वेळा कात्री चेंडूला लागली, एकदा दोरा कापलाच नाही, पाचव्या वेळी जमलं. तिसऱ्या फ्रेमला ०.९ मिमी, पाचव्याला २.६, सातव्याला ५.५, नवव्याला ९. वर्गमुळं ०.९५, १.६१, २.३५, ३. तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत सहा फ्रेममध्ये वाढ २.०५, म्हणजे दर फ्रेमला ०.३४.

त्यावरून त्वरण १३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. ०.३०२ ला १३.५ ने भागलं तर एकूण जडत्व २२.४ ग्रॅम, त्यातून चेंडूचे २.७ गेले की उरले १९.७ ग्रॅम. १६.८ पाहिजे होते. ३ ग्रॅम कुठून आले?

बुडीत_खातं

कात्रीच्या जखमेतून पाणी शिरलं असेल आत.

प्रश्नचिन्ह

हसू नका, ही शंका मलाही आली होती, परत वजन केलं, २.७ च आहे.

कप्पीवाला

०.३४. माझ्यापेक्षा ताईंच्या जवळ. घेतो मागे.

जलरेषा

छान आलंय की! ३ ग्रॅमपैकी थोड्याचा हिशोब देते, सगळ्याचा देता येणार नाही.

आपण पाणी बिनचिकट धरलं होतं. खऱ्या पाण्याचा चेंडूला लागून एक पातळ थर ओढला जातो, आणि चेंडू वेग घेत असताना हा थर जाड होत जातो. त्याचा ओढा त्या क्षणीच्या वेगावर नाही, तर आतापर्यंत वेग कसा कसा वाढत आला यावर ठरतो, एक प्रकारची आठवण असते त्याला. तुमच्या चेंडूला २० मिलिसेकंदांना हा ओढा जणू आणखी १ ग्रॅम जडत्व असल्यासारखा होतो आणि वेळेच्या वर्गमुळाने वाढतो. त्यात नवव्या फ्रेमपर्यंत थोडा ड्रॅगही आला. दोऱ्याचं उरलेलं शेपूट आहे, गाठ आहे.

पण खरं सांगू का, तुमचा पहिला आकडा बघा. ०.९ मिमी हे तुम्ही किती नेमकं वाचलंत? ते ०.७ असतं तर वर्गमूळ ०.८४, उतार ०.३६, आणि त्वरण थेट १५. दोन दशांश मिलिमीटरमध्ये दीड एकक इकडचं तिकडे. त्यामुळे एका चित्रीकरणावरून ३ ग्रॅमचं भांडण करण्यात अर्थ नाही. ११२ नाही आणि ८.३ ही नाही, एवढं मात्र तुमच्या मोजमापाने पक्कं सांगता येतं.

स्निग्धा_म

‘थराला आठवण असते’ हे पटलं नाही मला. पाण्याला कसली आठवण? ते शेवटी चिकटपणामुळेच होतंय ना, मग तो माझा ड्रॅगच झाला, वेगळं नाव देऊन.

जलरेषा

चिकटपणामुळे हे खरं. नाव काहीही द्या. पण नेहमीच्या ड्रॅगच्या सूत्रात आत्ताचा वेग घातला की उत्तर मिळतं, इथे मिळत नाही. दोन चेंडू आत्ता सारख्याच वेगाने जात असले तरी एक हळूहळू वेग घेत आला आणि एक झटक्यात, तर दोघांवरचा ओढा वेगळा. त्याला तुम्ही काय म्हणाल?

स्निग्धा_म

विचार करून सांगते. सध्या अर्धा गुण माझ्या ड्रॅगला द्या.

तळटीप

@प्रश्नचिन्ह, एकाच चेंडूवर अडकू नका. चेंडूचं वजन वाढवत न्या. आकार तोच, म्हणजे बाजूला सारलेलं पाणी तेच, म्हणून ॲडेड मासही तेच १६.८. समजा चेंडू १० ग्रॅमचा केलात. बल उरेल २३.५ ग्रॅमचं, ०.२३ न्यूटन. साध्या गणिताने त्वरण २३, ॲडेड मासने ८.६. दर वेळी बल भागिले त्वरण करायचं, त्यातून चेंडूचं वजन वजा करायचं, आणि उरलेला आकडा तोच राहतो का बघायचं. शिवाय जड चेंडू हळू निघतो त्यामुळे फ्रेमही जास्त मिळतात.

प्रश्नचिन्ह

मस्त! इंजेक्शनने आत थोडं पाणी भरू?

जलरेषा

अर्धवट पाणी भरू नका, ते आत हिंदकळेल आणि चेंडूच्या बरोबरीने वेग घेणार नाही, नवीनच घोळ. छोटं भोक पाडून छर्रे आणि वितळलेलं मेण घाला, मेण फार गरम नको नाहीतर चेंडूच वाकेल. घट्ट बसलं की भोक बंद करा आणि मगच वजन करा. जड बाजू खाली ठेवून सोडा म्हणजे गिरकी घेणार नाही.

सायकलस्वार

मी विहिरीवर बादलीने करून बघतो. भरलेली बादली पाण्याच्या आत झटक्याने ओढायची आणि सावकाश ओढायची. सावकाश ओढताना हलकी, झटक्याने ओढताना जड लागली तर तुमचं खरं मानीन.

जलरेषा

लागेल जड, दादा. पण तो सगळा दोष ॲडेड मासवर टाकू नका, बादलीतल्या पाण्याचंही जडत्व आहे त्यात, वजन जाणवत नसलं तरी ते हलवावं लागतंच. आधी रिकामी बादली पालथी न घालता, पूर्ण बुडवून, आडवी ओढून बघा आणि मग…

सायकलस्वार

तिथेच थांबा. एवढ्यात दोर तुटला.

प्रश्नचिन्ह

चार चेंडू तयार केले, २.७, ६.१, १०.४ आणि १५.२ ग्रॅमचे. शेवटच्याचं मेण अजून सुकतंय. रविवारी आकडे टाकतो, तोवर धागा वर राहू द्या.